शॉट बदलला की बॅकग्राउंडची शैली का निसटते: तपासण्याचा क्रम

पात्रं हाताने काढलेली किंवा हिरव्या पडद्यासमोर चित्रित केलेली, आणि मागची दृश्यं इमेज जनरेशन टूलमधून घेतलेली. नाशिकमध्ये अशा पद्धतीने छोट्या फिल्म करणाऱ्यांची अडचण बहुतेक वेळा एकच असते. प्रत्येक बॅकग्राउंड सुटं पाहिलं तर छान दिसतं, पण सगळी एकापाठोपाठ लावली की तीन वेगवेगळ्या चित्रकारांनी काम केल्यासारखं वाटतं.

इथे एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू. बारा शॉट्सची, दीड मिनिटाची फिल्म आहे. थंडीतली पहाट. जुन्या नाशकातल्या वाड्यातून एक आजी निघते, बोळातून घाटावर उतरते आणि गोदावरीत दिवा सोडते. शैली जलरंगाची: पातळ वॉश, तपकिरी शाईची बारीक रेषा, निळसर राखाडी रंग. पहिला शॉट घाटाचा, लांबून घेतलेला आणि सगळ्यांनी पसंत केलेला. त्याला मुख्य शॉट म्हणू.

लक्षणं

कट होताना प्रेक्षकाला हिसका बसतो, जागा तीच असली तरी. काही शॉट्स जलरंगासारखे दिसतात, तर काही रंगवलेल्या फोटोसारखे. रेषा एका शॉटमध्ये केसाएवढी असते, पुढच्यात दोरीएवढी. जवळच्या शॉटमध्ये दगडाचा प्रत्येक कण दिसतो आणि लांबच्यात नुसता धूसर डाग. सावल्या कधी डावीकडे पडतात, कधी उजवीकडे. सगळ्यात फसवं लक्षण म्हणजे सलग शॉट्स जुळतात, पण पहिला आणि बारावा शेजारी ठेवले की ओळख लागत नाही.

ही लक्षणं एकाच दोषाची नाहीत, म्हणून खालचा क्रम सोडू नका. बरेच जण पहिल्याच दिवशी प्रॉम्प्ट बदलायला बसतात आणि चांगले शॉट्सही हातचे घालवतात.

१. सगळे शॉट्स एका पानावर, आणि मग काळे-पांढरे

पाच मिनिटांचं काम आहे, खर्च शून्य. बाराही बॅकग्राउंड लहान करून एका पानावर मांडा. इमेजमॅजिक ७ असेल तर दोन ओळींत होतं:

```
magick montage shot_*.png -tile 4x -geometry 480x270+4+4 sheet.png
magick sheet.png -colorspace Gray gray.png
```

रंगीत पानाकडे डोळे किलकिले करून पाहा. वेगळा पडणारा शॉट लगेच बोचतो. मग राखाडी पान उघडा. हे पान जास्त महत्त्वाचं आहे, कारण शैली बदलली असं आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा बदललेला असतो तो फक्त उजेड-अंधाराचा पल्ला. जलरंगात कागदाचा पांढरेपणा मागून झिरपत असतो, त्यामुळे पूर्ण काळा सहसा नसतोच. टूलने एखाद्या शॉटमध्ये पूर्ण काळा ओतला की तो फोटोसारखा वाटू लागतो.

आता मोजा. एडिटरमधल्या आयड्रॉपरने मुख्य शॉटमधली सर्वांत गडद आणि सर्वांत उजळ जागा पाहा. आपल्या उदाहरणात ० ते २५५ च्या मापावर त्या ४५ आणि २३५ आल्या असं धरा. बोळाचा नववा शॉट मोजला तर ३ आणि २५५. लेव्हल्समध्ये जाऊन नवव्या शॉटचं आउटपुट ४५ ते २३५ वर आणा. इनपुटला हात लावू नका. नव्याने काहीही जनरेट न करता नववा शॉट निम्म्याहून अधिक जागेवर येतो. उरलेला फरक रेषेचा किंवा तपशिलाचा असेल, तो पुढच्या तपासण्यांत सापडेल.

२. दोष शैलीचा आहे की सूर्याचा?

ही तपासणीही फुकट आहे, फक्त घाट डोळ्यांसमोर आणावा लागतो. रामकुंडापाशी गोदावरी दक्षिणेकडे वळते. जुनं नाशिक पश्चिमेच्या अंगाला आणि पंचवटी पूर्वेच्या. म्हणजे आजी जुन्या नाशकाच्या बाजूने उतरत असेल आणि कॅमेरा तिच्या पाठीमागे असेल, तर समोर पंचवटी येते आणि पहाटेचा उजेडही समोरून येतो. देवळांच्या आकृत्या गडद, आकाश उजळ. कॅमेरा उलटा फिरवून आजीचा चेहरा दाखवला की मागे जुनं नाशिक येतं आणि त्या भिंतींवर उजेड थेट पडायला हवा.

टूलला हे ठाऊक नसतं. प्रत्येक चित्र त्याच्यासाठी नवं असतं, आणि देखणं दिसावं म्हणून ते उजेड मनाला येईल तिकडून आणतं. आपल्या फिल्ममधला सातवा शॉट हाच उलटा शॉट आहे. त्यात मागच्या भिंती सावलीत आणि आकाश झगमगतं आलं. शैली अगदी बरोबर असूनही तो शॉट दुसऱ्या गावचा वाटतो.

म्हणून राखाडी पानावर प्रत्येक शॉटमध्ये उजेडाच्या दिशेने एक बाण काढा. सोबत क्षितिजाची रेषाही आखा. पायऱ्यांच्या कडा मागे मागे वाढवत नेल्या की त्या जिथे मिळतात, त्या बिंदूच्या उंचीवर क्षितिज असतं (लांबच लांब सरळ पायऱ्यांच्या आडव्या कडाच यासाठी घ्या, उताराच्या नाहीत). शॉट्समध्ये कॅमेऱ्याची उंची एकच अपेक्षित असताना एका ठिकाणी क्षितिज आजीच्या डोळ्यांजवळ आणि दुसऱ्यात गुडघ्याजवळ असेल, तर रंग कितीही जुळवले तरी ती जमिनीवर उभी राहणार नाही.

चित्र आडवं उलटवून दिशा सुधारते का ते आधी पाहा. मात्र ओळखू येणारी जागा असेल तर तसं करू नका. नारोशंकराची घंटा किंवा दुतोंड्या मारुती उलट्या बाजूला गेलेला नाशिककराला लगेच कळतो.

३. सेटिंग खरंच तीच होती का?

दोघं-तिघं मिळून काम करत असतील तर इथे दोष सापडण्याची शक्यता मोठी असते. स्टेबल डिफ्यूजन मॉडेल चालवणाऱ्या ऑटोमॅटिक११११ मध्ये बनवलेल्या पीएनजी फाइलमध्ये प्रॉम्प्ट, सीड, सॅम्प्लर आणि मॉडेलचं नाव लिहिलेलं असतं. तसंच दुसरं टूल कम्फीयूआय तर अख्खा वर्कफ्लो फाइलमध्ये ठेवतं. फाइल खिडकीत ओढून टाकली की तो परत उघडतो. पण तीच फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवली की ती जेपीईजी होते, दाबली जाते आणि आतली नोंद पुसली जाते. पाठवायचीच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

तुलना करताना मॉडेल आणि त्याचं व्हर्जन, सॅम्प्लर, स्टेप्स, चित्राचं माप आणि अपस्केलर एवढं पाहा. सीडबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. सीड म्हणजे सुरुवातीच्या गोंगाटाचा क्रमांक. प्रॉम्प्ट आणि माप तेच असेल तर तो तेच चित्र परत देतो, पण शैली बांधून ठेवत नाही. प्रॉम्प्टमधला घाट काढून वाडा लिहिला की त्याच सीडवर वेगळंच चित्र येणार. शिवाय हा गोंगाट कम्फीयूआय सीपीयूवर बनवतं आणि ऑटोमॅटिक११११ नेहमीच्या सेटिंगमध्ये ग्राफिक्स कार्डावर, त्यामुळे दोघांनी एकच सीड वापरूनही चित्रं वेगळी येतात. एका फिल्मसाठी एकच टूल ठरवा आणि फिल्म संपेपर्यंत मॉडेल अपडेट करू नका.

४. दृश्याचे शब्द शैलीला ओढून नेतात

इथे थोडा वेळ द्या, कारण पैसे न लागणाऱ्या तपासण्यांमध्ये सगळ्यात जास्त हातात देणारी हीच आहे.

पाचवा शॉट घाटाच्या पायऱ्यांचा. त्याचा प्रॉम्प्ट असा लिहिला होता असं धरा:

```
ancient temple ghat, golden sunrise, cinematic, highly detailed, watercolor
```

येतं काय? रुंद नदी, नावा, केशरी धुकं, सोन्यासारखे कळस. म्हणजे बनारसचा फोटो, वरून किंचित जलरंग. मॉडेलने घाट हा शब्द ज्या चित्रांतून शिकलाय, त्यांत वाराणसी भरपूर आहे. आणि त्या चित्रांबरोबर त्यांचा रंग, त्यांचा उजेड, त्यांचा फोटोपणाही येतो. `cinematic` आणि `highly detailed` हे शब्द चित्राला फोटोकडे खेचतात. एकटा `watercolor`, तोही शेवटी, या सगळ्यांपुढे टिकत नाही.

उपाय असा: प्रॉम्प्टचे दोन तुकडे करा. शैलीचा तुकडा कायम तोच, अक्षरही न बदलता, सुरुवातीला ठेवा. दृश्याचा तुकडा त्यानंतर, आणि त्यात नावाजलेले शब्द टाळून वस्तूचं साधं वर्णन करा.

```
loose watercolor wash, thin brown ink line, muted blue-grey palette, low contrast,
wide stone steps, small black basalt shrine, plain curved tower, narrow river, winter dawn
```

काळा बेसॉल्ट लिहिणं महत्त्वाचं आहे, कारण सुंदरनारायण, काळाराम यांसारख्या इथल्या जुन्या देवळांचा दगड काळा आहे. नुसतं `temple` लिहिलं की टूल दाक्षिणात्य गोपुर किंवा संगमरवर काढून मोकळं होतं.

शैलीचा तुकडा सुरुवातीला ठेवण्यामागे कारण आहे. स्टेबल डिफ्यूजनच्या जुन्या मॉडेल्समधला मजकूर वाचणारा भाग एका वेळी ७५ टोकन, म्हणजे शब्दांचे तुकडे, घेतो. त्याहून लांब प्रॉम्प्ट तुकड्यांत वाचला जातो किंवा शेवटचा भाग गळतो. लांबलचक वर्णनाच्या शेपटाला शैली बांधली की काही शॉट्समध्ये ती धरते, काहींत सुटते.

दोष याच जागी आहे की नाही हे ओळखायची सोपी खूण: शैलीचा तुकडा तसाच ठेवून दृश्याच्या जागी नुसतं `empty room` लिहा आणि चार चित्रं काढा. ती मुख्य शॉटशी जुळली तर शैलीचे शब्द ठीक आहेत, दृश्याचे शब्द घोळ घालताहेत. ती चारही आपापसांत वेगळी आली तर शैलीचं वर्णनच मोघम आहे.

५. संदर्भचित्र: झेरॉक्सची झेरॉक्स नको

शब्द सुधारूनही फरक उरला तर संदर्भचित्र द्या. मिडजर्नीमध्ये त्यासाठी `--sref` आहे आणि त्याचा जोर `--sw` ने ठरतो. पल्ला ० ते १०००, न लिहिल्यास १००. कम्फीयूआयमध्ये आयपी-अडॅप्टर वापरतात, तिथे ०.६ पासून सुरुवात करून ०.५ ते ०.७ मध्ये राहा.

इथली ठरलेली चूक म्हणजे दुसऱ्या शॉटला पहिल्याचा संदर्भ देणं, तिसऱ्याला दुसऱ्याचा, चौथ्याला तिसऱ्याचा. झेरॉक्सवरून झेरॉक्स काढत गेल्यासारखं होतं. शेजारचे दोन शॉट्स जुळतात, पण दर वेळी थोडा रंग सरकतो, थोडी रेषा जाड होते, आणि बाराव्या शॉटपर्यंत मूळ शैली उरत नाही. वर सांगितलेलं फसवं लक्षण यातूनच येतं. प्रत्येक शॉटला संदर्भ मुख्य शॉटचाच द्या.

दुसरी अडचण चित्रातल्या वस्तू गळण्याची. मुख्य शॉटमध्ये शिखर आहे, म्हणून वाड्याच्या चौकातही तुळशीवृंदावनामागे शिखर उगवतं. जोर वाढवला की गळती वाढते, कमी केला की शैली सुटते. मधला मार्ग हा की त्याच शैलीची तीन वेगळ्या विषयांची चित्रं संदर्भ म्हणून एकत्र द्यायची: एक घाट, एक घराचा अंतर्भाग, एक मोकळं आकाश. तिन्हींत समान असते ती फक्त शैली, त्यामुळे तीच उचलली जाते. ही तीन चित्रं ठरली की फाइलनावासकट बंद करून ठेवा.

६. तपशिलाचं माप आणि कागदाचा पोत

चौथा शॉट बोळाचा, बाजूच्या कौलांसकट. दहावा आजीच्या हातातल्या दिव्याचा, अगदी जवळून. टूल दोन्हींत सारखाच तपशील भरतं, कारण त्याला चौकट भरायची असते. हाताने रंगवणारा चित्रकार जवळच्या शॉटमध्ये मागचं सगळं दोन-तीन वॉशमध्ये सोडून देतो. म्हणून जवळच्या शॉटच्या बॅकग्राउंडला थोडा ब्लर द्या आणि प्रॉम्प्टमधून वस्तू कमी करा. लांबच्या शॉटचा तुकडा कापून जवळचा शॉट बनवू नका, १.३ पटीच्या पुढे मोठं केलं की रेषेची जाडी डोळ्यावर येते.

अपस्केलरही बाराही शॉट्सना एकच. इमेज-टू-इमेज पद्धतीने मोठं करत असाल तर डीनॉइज, म्हणजे मूळ चित्र किती बदलायचं त्याचं माप, ०.२ ते ०.३ मध्ये ठेवा. ०.४ च्या पुढे भिंतीला नवीन खिडक्या फुटू लागतात.

कागदाचा पोत मात्र टूलकडून मुळीच घेऊ नका. वरच्या प्रॉम्प्टमध्ये तो मुद्दाम लिहिलेला नाही. टूल प्रत्येक चित्रात दाणा वेगळ्या आकाराचा काढतं. त्याऐवजी खऱ्या जलरंगाच्या कागदाचं ए४ पान ३०० डीपीआयवर स्कॅन करा. ते साधारण २४८० बाय ३५०८ पिक्सेलचं होतं, म्हणजे आडवं धरलं की १९२० बाय १०८० च्या चौकटीला भरपूर पुरतं. हा थर सगळ्या शॉट्सवर, पात्रांसकट, मल्टिप्लायमध्ये २० ते ३० टक्क्यांवर एकाच मापाने ठेवा. पात्रं आणि बॅकग्राउंड एकाच कागदावर आली की डोळा बाकीचा बराच फरक माफ करतो.

कॅमेरा सरकणाऱ्या शॉटमध्ये काळजी घ्या. कागद पडद्याला चिकटलेला आणि चित्र मागून सरकतंय असं झालं तर मळक्या काचेतून पाहिल्यासारखं दिसतं. तिथे कागदाचा थर दर दोन फ्रेमला थोडा हलवा, किंवा बॅकग्राउंडबरोबरच सरकू द्या. जे निवडाल ते फिल्मभर तेच.

७. तीच जागा, वेगळा कोन

इथून काम खरंच अवघड होतं. वाड्याचा चौक दुसऱ्या, तिसऱ्या आणि अकराव्या शॉटमध्ये आहे. दुसऱ्यात खांब चार, तिसऱ्यात सहा, अकराव्यात ओटाच गायब. प्रॉम्प्टने हे सुटत नाही, कारण टूलच्या मनात वाड्याचा नकाशा नसतो. नकाशा आपण द्यायचा.

ब्लेंडरमध्ये साध्या ठोकळ्यांचा चौक उभा करा: चार भिंती, चार खांब, ओटा, वृंदावन, जिना. रंग नको, कोरीवकाम नको. कॅमेरा तिन्ही शॉट्ससाठी एकाच लेन्सचा, उदाहरणार्थ ३५ मिलिमीटर. प्रत्येक कोनातून डेप्थचं, म्हणजे कॅमेऱ्यापासूनचं अंतर दाखवणारं, चित्र काढा आणि ते कंट्रोलनेटला द्या; नव्या चित्राची रचना ते त्या नकाशाला बांधून ठेवतं. ब्लेंडरच्या डेप्थमध्ये दूरची वस्तू मोठ्या आकड्याची, म्हणजे उजळ येते, तर कंट्रोलनेटला जवळची वस्तू पांढरी लागते. म्हणून ० ते १ मध्ये नॉर्मलाइझ करून ते उलटं करावं लागतं. उलटं करायचं राहिलं की खांब भोकांसारखे आत जातात. त्यावरूनच चूक ओळखता येते.

जोर ०.७ च्या आसपास ठेवा आणि स्टेप्सच्या ६५-७० टक्क्यांवर कंट्रोलनेट थांबवा. शेवटपर्यंत चालू ठेवलं तर ठोकळ्यांच्या धारदार कडा उरतात आणि जलरंगाला सैलपणा येत नाही. या पद्धतीत खांब आणि ओटा जागेवर राहतात. दरवाजाची नक्षी, भिंतीवरचे डाग मात्र दर वेळी बदलतील. ते एका शॉटमधून कापून दुसऱ्यावर हाताने बसवायचे.

कुठे थांबायचं आणि कोणाला बोलवायचं

वरच्या सातही तपासण्या झाल्या आणि बारांपैकी तीन-चार शॉट्स अजून वेगळे पडत असतील, तर आणखी जनरेट करणं थांबवा. तिथून पुढे नशिबावर चित्रं काढणं चालू होतं आणि जुळलेले शॉट्सही बदलावेसे वाटू लागतात. बॅकग्राउंड रंगवणारा चित्रकार बोलवा आणि त्या शॉट्सवर वरून रंगवून घ्या. काम दोघांत वाटू नका. एकाच हाताने सगळे शॉट्स केले तरच उपयोग.

जागा खरी आणि ओळखीची असेल, आणि ती अचूक दिसायला हवी असेल, तर तपासण्यांमध्ये वेळ न घालवता आधीच थांबा. नारोशंकराचं देऊळ किंवा कपालेश्वराच्या पायऱ्या टूल अंदाजाने काढतं. स्वतः फोटो काढा आणि चित्रकाराकडून त्यावर रंगवून घ्या.

एकच जागा चारपेक्षा जास्त कोनांतून दिसत असेल किंवा कॅमेरा तिच्यातून आत चालत जात असेल, तर थ्रीडी करणाऱ्याकडे जा. ते सपाट चित्रांच्या हद्दीतलं काम नाही.

खऱ्या माणसांचं चित्रीकरण पुढे असेल आणि लेव्हल्स जुळवूनही त्वचेचा रंग बॅकग्राउंडमध्ये बसत नसेल, तर कलरिस्ट लागेल. त्याला ग्रेड न केलेल्या मूळ फाइल्स द्या. टूलमधून येणारी चित्रं बहुधा ८ बिटची असतात. पहाटेच्या आकाशासारख्या हळूहळू बदलणाऱ्या रंगाला जास्त ताणलं की त्यात पट्टे उमटतात. तुम्ही एकदा ताणून दिलेल्या फाइलमधले पट्टे त्यालाही काढता येत नाहीत.

चित्रकाराला देताना मुख्य शॉट, राखाडी पान, उजेडाचे बाण काढलेलं पान, तीन संदर्भचित्रं आणि स्कॅन केलेला कागद हे सगळं एका फोल्डरमध्ये ठेवा. पात्रं वेगळ्या थरात हवीत आणि कागदाचा थर बंद केलेला हवा, नाहीतर तो पोतावर रंगवेल आणि शेवटी पोत दोनदा चढेल.